लॉगिन लॉकआउटचे नवे धोरण: प्रकल्प नोंदी

४ ऑगस्ट

पोर्टलचा जुना नियम एका ओळीत संपतो. तीन वेळा चुकीचा पासवर्ड टाकला की खाते बंद, आणि हेल्पडेस्कने हाताने उघडेपर्यंत ते बंदच. गेल्या आठवड्यात कोणीतरी याच नियमाचा हत्यारासारखा वापर केला. रात्रीच्या दहा मिनिटांत ४,००० खाती बंद झाली. सकाळी कामावर आलेल्या एकालाही आत शिरता येईना, आणि खाती एकेक करून उघडायला हेल्पडेस्कचा अख्खा दिवस गेला.

आज त्या रात्रीचा लॉग नीट वाचला. आमची लॉगिन नावे सहा अंकी क्रमांक आहेत आणि ते ओळीने दिलेले आहेत. हल्लेखोराला यादी चोरावी लागली नाही. त्याने मोजायला सुरुवात केली आणि प्रत्येक क्रमांकावर तीनदा एकच निरर्थक पासवर्ड टाकला. एकूण १२,००० विनंत्या, म्हणजे सेकंदाला वीस. एवढी वर्दळ आमच्या सर्व्हरच्या आलेखावर डोळ्यांत भरतसुद्धा नाही.

हेतू ओळखायची खूण इथेच आहे. ज्याला पासवर्ड शोधायचा आहे तो मर्यादा तीन असेल तर दोनवर थांबतो, कारण बंद झालेले खाते त्याच्या काही कामाचे नसते. इथे प्रत्येक खात्यावर नेमके तीन प्रयत्न आहेत आणि पासवर्डही बदललेला नाही. खाती बंद पाडणे हाच उद्देश होता. अर्थात दर वेळी हेतू इतका उघड नसतो. २००८-०९ मध्ये पसरलेला कॉनफिकर वर्म जाळ्यातल्या संगणकांवर पासवर्डचे अंदाज लावत फिरायचा आणि त्यातून ठिकठिकाणी खाती आपोआप बंद होत गेली. वर्मला खाती बंद पाडायची नव्हती, पण ज्यांची कामे अडली त्यांच्या दृष्टीने फरक शून्य.

बैठकीत पहिली सूचना आली ती "मर्यादा तीनची पाच करू आणि अर्ध्या तासाने खाते आपोआप उघडू" अशी. आकडे ठरवण्याआधी ते नेमके काय करतात हे मांडून दाखवायला दोन दिवस मागून घेतले आहेत.

५ ऑगस्ट

दोन अक्षरे धरू. म म्हणजे किती चुका चालतील, आणि क म्हणजे खाते किती मिनिटे बंद राहील.

पासवर्ड शोधणाऱ्याला एका खात्यावर दर मिनिटाला किती अंदाज मिळतात? म भागिले क. तीन चुका आणि तीस मिनिटे असतील तर दिवसाला १४४ अंदाज. दहा चुका आणि पंधरा मिनिटे असतील तर ९६०.

आता दुसरी बाजू. एक खाते सतत बंद ठेवायला हल्लेखोराला दर मिनिटाला किती विनंत्या खर्च कराव्या लागतात? पुन्हा म भागिले क. तोच भागाकार.

या प्रकल्पातले मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे निरीक्षण हेच आहे. अंदाज लावणाऱ्याला मिळणारी सूट आणि खाते बंद पाडणाऱ्याला येणारा खर्च, दोन्ही एकाच संख्येवर अवलंबून आहेत. ती कमी केली की पहिला अडतो आणि दुसऱ्याचे काम स्वस्त होते. वाढवली की उलट. आमच्या ४,००० खात्यांवर हिशेब असा येतो: तीन चुका व तीस मिनिटे या नियमात सगळी खाती कायमची बंद ठेवायला सेकंदाला सुमारे ७ विनंत्या पुरतात. दहा व पंधरा या नियमात सुमारे ४४ लागतात. जुन्या नियमात क अनंत आहे, म्हणून एकदाच १२,००० विनंत्या टाकून हल्लेखोर झोपायला मोकळा.

४४ हा आकडा ७ पेक्षा बरा, पण भाड्याच्या एका साध्या यंत्रालाही तो जड नाही. म्हणजे म आणि क कितीही सरकवले तरी दोन्ही हल्ल्यांना एकाच वेळी अडवणारी जागा त्या रेषेवर सापडत नाही. आकड्यांवर वाद घालण्यापेक्षा मोजणी कशावर करायची हा प्रश्न आधी सोडवला पाहिजे. आज आपण "खाते" मोजतो, आणि खात्याचे नाव कोणालाही टाइप करता येते.

७ ऑगस्ट

सुरक्षा पुनरावलोकन करणाऱ्या सहकाऱ्याचा आक्षेप रास्त होता. दिवसाला ९६० अंदाज ऐकायला भयंकर वाटतात, मग दहाची मर्यादा का स्वीकारायची?

उत्तर पासवर्डच्या दर्जात आहे. फक्त लहान इंग्रजी अक्षरांचा, पण खरोखर यदृच्छ निवडलेला आठ अक्षरी पासवर्ड घेतला तरी शक्यता सुमारे २०,९०० कोटी होतात. दिवसाला १४४ अंदाज असोत की ९६०, त्याला काहीच धोका नाही. उलट पासवर्ड सर्वाधिक वापरातल्या पहिल्या शंभरातला असेल, तर १४४ अंदाजांचा नियमही त्याला पहिल्याच दिवशी उघडा पाडतो. तीन आणि दहा यांतला फरक फक्त मधल्या पट्ट्यातल्या पासवर्डांना जाणवतो, म्हणजे यादीत शंभराव्या क्रमांकाच्या पुढे पण पहिल्या काही हजारांत असलेल्यांना. तो पट्टा लॉकआउटने सांभाळण्यापेक्षा पासवर्ड ठेवतानाच नाकारावा. म्हणून निर्णय: पासवर्ड बदलताना तो सार्वजनिक झालेल्या पासवर्डांच्या यादीशी ताडून पाहायचा आणि सापडला तर घ्यायचाच नाही. सध्याचे पासवर्ड पुढच्या यशस्वी लॉगिनच्या वेळी तपासले जातील, कारण साध्या रूपात ते फक्त त्याच क्षणी आपल्या हातात असतात.

मानकांचे आकडेही पाहिले. कार्ड व्यवहारांसाठीच्या पीसीआय डीएसएस मानकाच्या आधीच्या आवृत्तीत सहा चुकांची मर्यादा होती, चौथ्या आवृत्तीत ती दहा झाली. लॉकआउट मात्र किमान तीस मिनिटांचा किंवा ओळख पटेपर्यंतचा. अमेरिकेतल्या एनआयएसटीच्या ८००-६३बी या दस्तऐवजात एका खात्यावर सलग १०० पेक्षा जास्त चुका होऊ देऊ नका, एवढेच बंधन आहे. तीनचा आकडा आमच्याकडे कुठून आला ते कोणालाच सांगता आले नाही. आमच्या पोर्टलला कार्ड मानक लागू नाही. दहा आणि पंधरा ठरले.

११ ऑगस्ट

मोजणी कशावर करायची यासाठी सुचलेले पर्याय आज एकेक करून तपासले.

पहिला पर्याय आयपी पत्त्यावर मोजण्याचा. एका कार्यालयातले शेकडो लोक बाहेरून एकाच पत्त्यावरून दिसतात, तिथे दहा जणांच्या दहा साध्या चुकांनी सगळ्यांचे दार बंद होईल. दुसरीकडे हल्लेखोर हजारो पत्ते भाड्याने घेतो. त्यात आणखी एक खोच आहे. यशस्वी लॉगिन झाल्यावर पत्त्याचा मोजक शून्य होत असेल, तर स्वतःचे एक वैध खाते असलेला माणूस नऊ अंदाज, मग स्वतःचे लॉगिन, मग पुन्हा नऊ अंदाज असे दिवसभर करू शकतो. पत्त्यावरची मर्यादा वेगाला लगाम म्हणून ठेवू, पण खूप सैल आणि यशाने शून्य न होणारी.

दुसरा पर्याय वाढत्या विलंबाचा. सुरुवातीला एक मिनिट, पुढच्या प्रत्येक चुकीला दुप्पट, कमाल एक तास. अंदाज लावणाऱ्याविरुद्ध हा उपाय उत्तम आहे, आणि एनआयएसटीच्या दस्तऐवजातही तो पूरक उपाय म्हणून सुचवला आहे. खाते बंद पाडणाऱ्यासाठी मात्र ही मेजवानी ठरते. विलंब कमाल मर्यादेला पोचला की खाते बंद ठेवायला तासाला एक विनंती पुरते. ४,००० खात्यांसाठी सेकंदाला जेमतेम एक.

याच जातीचा एक लपलेला दोष तयार लायब्ऱ्यांमध्ये आढळतो. खाते बंद असताना आलेला प्रयत्नही मुदत नव्याने सुरू करतो. "अजूनही प्रयत्न चालू आहेत, म्हणजे धोका टळलेला नाही" हा त्यामागचा विचार सरळ वाटतो, पण त्यामुळे खर्च दहा भागिले पंधरावरून एक भागिले पंधरावर येतो, म्हणजे हल्लेखोराला नव्वद टक्के सवलत. तुमच्या प्रणालीत हे होते का ते तपासायला सोपे आहे. चाचणीचे खाते बंद पाडा, मुदतीच्या मध्यावर आणखी एक चूक करा, आणि मूळ वेळेला ते उघडते का पाहा.

विंडोजच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीत मोजणी खात्यावरच होते आणि लॉकआउटची मुदत शून्य ठेवली की प्रशासकाने उघडेपर्यंत खाते बंद राहते. आमचा जुना नियम बहुधा तिथूनच उचललेला असावा. पण त्याच कुटुंबातल्या एडीएफएसने पुढे एक चांगली वाट काढली. वापरकर्ता आधी यशस्वीपणे जिथून आला ती ओळखीची ठिकाणे वेगळी मोजायची आणि अनोळखी ठिकाणे वेगळी. आमची दिशा हीच.

१४ ऑगस्ट

रचना ठरली. ओळखीची खूण आयपी पत्त्यावर न ठेवता ब्राउझरमधल्या कुकीवर ठेवायची. ओवॅस्प या संस्थेच्या लिखाणात या पद्धतीला डिव्हाइस कुकी म्हणतात.

यशस्वी लॉगिननंतर सर्व्हर ब्राउझरला एक कुकी देतो. तिच्यात खात्याचे नाव, एक यदृच्छ क्रमांक आणि सर्व्हरच्या गुप्त किल्लीने केलेली स्वाक्षरी असते. मुदत १८० दिवस. पुढच्या वेळी लॉगिनची विनंती आली की आधी ही कुकी पाहायची. स्वाक्षरी खरी असेल आणि नाव जुळत असेल, तर चुका त्या कुकीच्या खात्यात जमा होतात. कुकी नसेल, खोटी असेल किंवा दुसऱ्याच नावाची असेल, तर चुका त्या खात्याच्या सामाईक "अनोळखी" मोजकात जातात. दोन्हीकडे दहा चुका आणि पंधरा मिनिटे. कुकीचा मोजक भरला तर ती कुकी पंधरा मिनिटे थांबते, अनोळखी रांगेत ढकलली जात नाही, नाहीतर एकाच यंत्राला वीस प्रयत्न मिळतील.

याने ५ तारखेची अडचण सुटते ती अशी. हल्लेखोर अनोळखी मोजक कितीही वेळा भरो, नेहमीच्या लॅपटॉपवरून येणाऱ्या माणसाला त्याची झळ पोचत नाही. आणि दुसऱ्याच्या नावाची कुकी मिळवायला त्या खात्यात एकदा यशस्वी लॉगिन करावे लागते, म्हणजे पासवर्ड आधीच माहीत हवा. कुकी चोरीला गेली तरी ती लॉगिन देत नाही. चोराला फक्त आणखी एका मोजकातले दहा प्रयत्न मिळतात.

अस्तित्वात नसलेल्या क्रमांकांचीही मोजणी तशीच करायची, आणि "थोड्या वेळाने प्रयत्न करा" हा संदेशही तसाच द्यायचा. नाहीतर कोणते क्रमांक खरे आहेत हे संदेशावरून कळेल. नावे सहा अंकी असल्यामुळे सर्वांत वाईट परिस्थितीत मोजक दहा लाख होतील, तेवढी जागा आहे. सहा अंकांत न बसणारे नाव मोजकापर्यंत पोचण्याआधीच नाकारायचे.

१९ ऑगस्ट

आजचा दिवस मोजकाच्या नेमकेपणात गेला, आणि तो जायलाच हवा होता. "मोजक वाचा, पासवर्ड तपासा, चुकला तर मोजक वाढवा" हा नैसर्गिक वाटणारा क्रम समांतर विनंत्यांपुढे टिकत नाही. पासवर्डचा हॅश मुद्दाम संथ ठेवलेला असतो. समजा एका तपासणीला पाव सेकंद लागतो. त्या पाव सेकंदात एकाच खात्यावर दोनशे विनंत्या एकदम टाकल्या, तर सगळ्यांना मोजक शून्यच दिसतो आणि दहाच्या मर्यादेतून दोनशे अंदाज निसटतात. चाचणी सर्व्हरवर हे हुबेहूब घडवून पाहिले.

उपाय म्हणजे क्रम उलटा करणे. आधी जागा राखायची, ती मिळाली तरच पासवर्ड तपासायचा. रेडिसमध्ये हे एका अखंड पावलात होते:

```lua
local n = redis.call('INCR', KEYS[1])
if n == 1 then
  redis.call('PEXPIRE', KEYS[1], ARGV[2])
end
return n <= tonumber(ARGV[1]) and 1 or 0
```

`ARGV[1]` मध्ये 10 आणि `ARGV[2]` मध्ये 900000 मिलिसेकंद. मुदत फक्त पहिल्या प्रयत्नाला लागते, त्यामुळे बंद असताना आलेल्या विनंत्या मोजक वाढवतात पण मुदत लांबवत नाहीत. ११ तारखेचा दोष इथे रचनेतच मिटतो. पंधरा मिनिटांच्या खिडकीच्या सीमेवर थोड्या वेळात १९ प्रयत्न जमवता येतात: एक सुरुवातीलाच खर्च करायचा, मग नऊ शेवटी आणि लगेच पुढच्या खिडकीतले दहा. लांब पल्ल्याची सरासरी बदलत नाही, म्हणून ते चालेल.

यशस्वी लॉगिननंतर कुकीचा मोजक पुसायचा, अनोळखी मोजक मात्र तसाच ठेवायचा. तो पुसला तर खऱ्या मालकाने नव्या फोनवरून लॉगिन केले की हल्लेखोरालाही ताजे प्रयत्न मिळतात. याची एक किंमत आहे: कुकी न सांभाळणाऱ्या क्लायंटचे यशस्वी लॉगिनही एक जागा खाते. लॉग चाळल्यावर एक अहवाल बनवणारी स्क्रिप्ट सापडली, ती दर मिनिटाला पासवर्डने लॉगिन करते. नव्या नियमात ती अकराव्या मिनिटाला अडकली असती. तिला पासवर्डऐवजी टोकन द्यायचे ठरले.

२२ ऑगस्ट

हेल्पडेस्कवरच्या सहकाऱ्यांशी बोललो. त्यांच्या मते हल्ल्याव्यतिरिक्त खाती बंद होण्याचे मुख्य कारण विसराळूपणा नाहीच. माणूस पासवर्ड बदलतो आणि फोनमधले ॲप जुना पासवर्ड घेऊन दर काही मिनिटांनी दार ठोठावत राहते. माणसाला पत्ताच नसतो. खाते उघडून दिले की थोड्या वेळात पुन्हा बंद. खूण सोपी: चुका ठरावीक अंतराने, रात्रीसुद्धा, आणि पासवर्ड बदलल्याच्या वेळेपासून सुरू.

एकच चुकीचा पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकल्याने अंदाज लावणाऱ्याला नवे काहीच कळत नाही, तेव्हा ती चूक एकदाच मोजली तरी चालते. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत शेवटच्या दोन जुन्या पासवर्डांशी जुळणारा प्रयत्न मोजक वाढवत नाही. त्यासाठी इतिहास साठवावा लागतो. आम्ही दुसरी वाट धरली: चुकीच्या पासवर्डचा किल्लीयुक्त हॅश काढून त्याचे फक्त सोळा बिट मोजकाशेजारी पंधरा मिनिटे ठेवायचे. पूर्ण हॅश ठेवायला मी ठाम नकार दिला. चुकीचे पासवर्ड बहुतेक वेळा खऱ्या पासवर्डपासून एका अक्षरावर असतात, किंवा त्याच माणसाचा दुसरीकडचा खरा पासवर्ड असतात. सोळा बिटांवरून मूळ काही उलगडत नाही. चुकून जुळणी होण्याची शक्यता ६५,५३६ मध्ये एक, म्हणजे हल्लेखोराच्या पदरात क्वचित एखादा फुकट प्रयत्न. जुळणी झाली की राखलेली जागा परत द्यायची, पण मोजक अजून जिवंत असेल तरच.

२८ ऑगस्ट

चाचणी प्रणालीवर त्या रात्रीचा हल्ला पुन्हा चालवला, या वेळी सेकंदाला ५० विनंत्या आणि पूर्ण तासभर. कुकी असलेली सर्व चाचणी खाती तासभर बिनदिक्कत आत येत राहिली. कुकी नसलेली जवळजवळ सर्व बाहेर राहिली. अपेक्षित तेच.

बाहेर राहिलेल्यांसाठी वाट हवी: नवा फोन, पुसलेला ब्राउझर, रजेवरून परतलेला माणूस. त्यांना ईमेलवरच्या दुव्यातून पासवर्ड बदलता येईल आणि त्या यशाबरोबर कुकी मिळेल. पण इथे तोच सापळा नव्या जागी उभा राहतो. दुवे पाठवण्यावर मर्यादा नसेल तर हल्लेखोर लोकांचे मेल भरून टाकेल, आणि मर्यादा ठेवली तर तो स्वतःच ती संपवून टाकेल, खऱ्या मालकाला दुवा मिळणारच नाही. तोडगा असा निघाला: दुवा एक तास वैध, नवा दुवा वीस मिनिटांतून एकदाच, आणि नवा दुवा निघाला तरी आधीचा रद्द होत नाही. मग हल्लेखोराने मागणी केली असली तरी मालकाच्या मेलमध्ये एक जिवंत दुवा असतोच. मर्यादा संपल्यावर पानावर "तुमच्या मेलमधला शेवटचा दुवा अजून चालेल" असे लिहायचे. नेहमीचा रिवाज नव्या दुव्याने जुना रद्द करण्याचा आहे, आणि या धोरणात तोच नडला असता.

पासवर्ड फवारणीला हे सगळे आंधळेच राहते. ४,००० खात्यांवर प्रत्येकी एकच अंदाज लावला तर एकही मोजक दोनवर जात नाही. त्यासाठी वेगळा इशारा लावला: पंधरा मिनिटांत किती वेगवेगळ्या खात्यांवर कुकीशिवाय चूक झाली ते मोजायचे. नेहमीच्या दिवसाच्या पातळीवर हा आकडा चढला की कुकीशिवायच्या लॉगिनला पासवर्ड तपासण्याआधी कोडे सोडवायला लावायचे. कुकीवाल्यांना काही दिसणार नाही. या इशाऱ्यावर खाती बंद करायची नाहीत.

२ सप्टेंबर

आजपासून मूक टप्पा. कुकी सगळ्यांना दिली जाईल, मोजक चालतील, पण अडवणूक जुन्याच नियमाने होईल. त्यात एकच बदल आहे, बंद खाते पंधरा मिनिटांनी आपोआप उघडेल. नव्या नियमाने कोणाला अडवले असते ते फक्त लॉगमध्ये लिहिले जाईल. चालू करायचा निकष दिवसांवर नाही: कामाच्या वेळेतल्या लॉगिनपैकी ९० टक्क्यांहून जास्त कुकीसह येऊ लागले की नवा नियम लावायचा. त्याआधी लावला तर हल्ल्यात वाचणाऱ्यांची संख्या पुरेशी नसेल.

एक काम उरले आहे आणि ते चालू करण्याआधीच व्हायला हवे. स्वाक्षरीची किल्ली कधीतरी बदलावी लागेल. एका झटक्यात बदलली तर त्या क्षणी सगळेच अनोळखी ठरतील, आणि नेमक्या त्याच दिवशी हल्ला झाला तर आपण ४ तारखेच्या परिस्थितीत परत. म्हणून नवी किल्ली फक्त सही करायला वापरायची आणि जुनी पुढचे १८० दिवस तपासणीसाठी ठेवायची. जुन्या किल्लीची कुकी घेऊन कोणी यशस्वी लॉगिन केले की त्याला नव्या किल्लीची द्यायची. किल्ली फुटल्याचा संशय असेल तर मात्र जुनी लगेच टाकून द्यायची आणि तेवढा काळ कोड्याचा टप्पा सर्वांसाठी चालू ठेवायचा. दोन्ही प्रकारचा सराव चाचणी सर्व्हरवर पुढच्या आठवड्यात करू.